दूध संस्थेचं दप्तर: काट्यावरच्या लिटरपासून दिवाळीच्या बोनसपर्यंत

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावात दूध संस्थेत सचिव म्हणून नवीन माणूस लागला की त्याला पहिल्या दिवशी काटा, मशीन आणि संगणक दाखवतात. दप्तर दाखवतात चार-सहा महिन्यांनी, म्हणजे लेखापरीक्षक यायची वेळ झाली की. तोवर जे बिघडायचं ते बिघडलेलं असतं. म्हणून हा लेख दप्तराबद्दल. काटा कसा वापरायचा हे तुम्ही दोन दिवसांत शिकाल, त्यासाठी कुणी लिहायची गरज नाही.

उदाहरणासाठी एक लहान संस्था धरू. फक्त गाईचं दूध, रोज दोन्ही वेळचं मिळून सुमारे ८०० लिटर, शंभर-सव्वाशे सभासद, जिल्हा दूध संघाला पुरवठा. दर आणि रकमा हिशोब सोपा जावा म्हणून गोल धरल्या आहेत. तुमच्या संघाचं दरपत्रक तुमच्यासमोर ठेवा आणि त्यातले आकडे घाला.

पाळीची बेरीज पाळीतच

संकलन संपलं, कॅन धुतले, आता घरी जायची घाई असते. पण सगळ्या हिशोबाचं मूळ याच पाच मिनिटांत आहे. दर पाळीला चार आकडे एकाखाली एक लिहायचे: सभासदांकडून आलेलं दूध, गावात किरकोळ विकलेलं, नमुन्यासाठी काढलेलं, आणि संघाच्या गाडीत गेलेलं. सकाळी ४२० लिटर आलं, १५ लिटर गावात विकलं, ५ लिटर नमुन्यात गेलं, तर गाडीत ४०० लिटर चढायला हवं. संघाच्या पावतीवर ३९८.५ आलं तर दीड लिटर घट. ती त्याच ओळीत लिहून टाकायची. महिनाअखेरीला एकदम काढलेली घट कुठल्या पाळीची, कुठल्या कॅनची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

नमुन्याच्या दुधाबद्दल थोडं. प्रत्येक सभासदाच्या दुधातून थोडं दूध तपासणीसाठी बाजूला निघतं आणि मशीनला त्यातलं थोडंच लागतं. उरलेलं एकत्र केलं की पाळीला चार-पाच लिटर होतं. काही ठिकाणी ते कुणाच्या तरी घरी जातं आणि कुणी विचारत नाही. वर्षाला तीन-साडेतीन हजार लिटर दूध दप्तराबाहेर जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. ते विकलं तर ‘नमुना दूध विक्री’ या नावाने रोजकिर्दीला जमा झालं पाहिजे, आणि कामगाराला द्यायचं ठरलं असेल तर तसा संचालक मंडळाचा ठराव हवा.

आता लिटर आणि किलोचा घोळ. दूध पाण्यापेक्षा जड असतं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काटा तोलतो किलोत, सभासदाला पैसे मिळतात लिटरवर, म्हणून काट्यात किंवा संगणकात १.०३ने भागण्याची सोय केलेली असते. काटा दुरुस्त होऊन आला की हे सेटिंग कधीकधी १.०० वर परत जातं. मग ४१२ किलो दूध ४१२ लिटर म्हणून लागतं, जे खरं तर ४०० लिटर आहे. संघ मात्र ४०० चेच पैसे देतो. एका पाळीला बारा लिटर, म्हणजे दिवसाला चोवीस लिटर दुधाचे पैसे संस्था हवेला देते. ही चूक ओळखायची खूण अशी: घट अचानक तीन टक्क्यांच्या आसपास जाते आणि रोज तितकीच राहते. चोरी अशी मापात होत नाही, सांडलवंड तर नाहीच. रोज तीन टक्के दिसले की आधी काटा बघा, मग माणसांवर संशय घ्या. आमच्याकडे एकदा उलट क्रमाने झालं. हेल्पर पोरगं आठ दिवस रुसून घरी बसलं आणि दोष निघाला काट्याचा.

फॅट कमी का लागली?

हा प्रश्न तुम्हाला नोकरी सोडेपर्यंत रोज ऐकायचा आहे. “वैरण तीच, पेंड तीच, गाय तीच, मग काल चार होती ती आज तीन-सात कशी?” त्याचं उत्तर जनावराच्या बाजूने बरंच देता येतं, पण हिशोबाच्या बाजूने दोन गोष्टी तुम्हाला पक्क्या ठाऊक हव्यात.

एक म्हणजे एसएनएफचं, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागाचं, सूत्र. मशीन नसलेल्या किंवा बंद पडलेल्या दिवशी लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून एसएनएफ काढतात. त्याची सूत्रं एकापेक्षा जास्त चालतात. त्यातली ही दोन नेहमी भेटतात:

```
SNF = CLR/4 + 0.25*FAT + 0.44
SNF = CLR/4 + 0.21*FAT + 0.36
```

डिग्री २८ आणि फॅट ४.० असेल तर पहिल्या सूत्राने ८.४४ येतं, दुसऱ्याने ८.२०. गाईच्या दुधाचं दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर बांधलेलं असतं आणि त्याखाली गेलं की प्रत्येक पॉइंटला, म्हणजे दर ०.१ला, पैसे कापले जातात. संस्था एका सूत्राने सभासदाला पैसे देत असेल आणि संघ दुसऱ्याने घेत असेल, तर दूध तेच असून दोन पॉइंटांचं नुकसान रोज संस्थेच्या अंगावर येतं. संघाच्या प्रयोगशाळेत जाऊन कुठलं सूत्र वापरता हे विचारून घ्या आणि आपल्या मशीनमध्येही तेच आहे का बघा. मशीन बदललं की पुन्हा बघा.

दुसरी गोष्ट सरासरीची. सभासदांची सरासरी फॅट संघाच्या फॅटशी जुळवताना लोक सगळ्यांच्या फॅटची बेरीज करून सभासदसंख्येने भागतात. ते चूक आहे. एकाने १० लिटर दूध ३.८ फॅटचं घातलं आणि दुसऱ्याने २ लिटर ४.६ चं, तर साधी सरासरी ४.२ येते. पण कॅनमध्ये १० लिटर पातळ आणि २च लिटर दाट पडलंय. लिटरला फॅटने गुणून बेरीज करा: ३८ अधिक ९.२ म्हणजे ४७.२, त्याला १२ने भागलं की ३.९३. संघाने ३.९ लावली तर संघाने काही लबाडी केलेली नाही. या पद्धतीने काढूनही संघाची फॅट रोज एक-दोन पॉइंट खाली येत असेल तर मग कारण शोधायचं. बहुतेक वेळा नमुना न ढवळता वरून काढलेला असतो, त्यात साय जास्त येते, किंवा मशीन सफाईविना चाललेलं असतं. आणि कधी कधी मशीनऐवजी मर्जीने फॅट लावलेली असते. ती खूणही दप्तरात दिसते: ठरावीक चार-पाच खात्यांची फॅट वर्षभर हलतच नाही. खऱ्या जनावराची फॅट हलते.

दहा दिवसांचं बिल

आमच्या भागात दूध बिल महिन्यात तीनदा निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तिसरं बिल फसवं. फेब्रुवारीत ते आठ दिवसांचं असतं, एकतीसच्या महिन्यात अकरा दिवसांचं. दोन बिलांची तुलना करताना नेहमी दिवसाच्या लिटरवर या, नाहीतर फेब्रुवारीत “दूध घसरलं” म्हणून मीटिंग लागते.

खाते क्रमांक ४७ घ्या. दहा दिवसांत वीस पाळ्या, १०४.५ लिटर, सरासरी ३३ रुपये दर, एकूण ३,४४८.५० रुपये. त्यातून पशुखाद्याच्या एका पोत्याचे १,५०० आणि ॲडव्हान्सच्या हप्त्याचे ५०० कापले. हातात १,४४८.५०. सभासदाला शेवटचाच आकडा दिसतो. तुम्हाला मात्र पहिला आकडा महत्त्वाचा.

कारण संस्थेने दूध ३,४४८.५० रुपयांचं खरेदी केलं. कापलेले पैसे ही दुसरीच देवाणघेवाण आहे. पोतं पूर्वीच उधार दिलेलं होतं, त्याची आज वसुली झाली. ॲडव्हान्सही पूर्वीच दिलेला, त्याचा हप्ता आला. बिलातून बँकेच्या किंवा विकास सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कापला असेल तर तो संस्थेचा पैसाच नाही, तो पुढे भरायचा आहे.

मी पहिल्या वर्षी नेमकं इथेच पडलो. आपल्या उदाहरणातल्या संस्थेचे आकडे लावून सांगतो. दहा दिवसांचं दूध ८,००० लिटर, बिल २,६४,०००. पशुखाद्य ६२,०००, ॲडव्हान्स २४,००० आणि बँक हप्ते १८,००० अशी १,०४,००० कपात. बँकेतून सभासदांना गेले १,६०,०००. मी बँकेतून जे गेलं तेच दूध खरेदीला नावे टाकत होतो. दर बिलाला खरेदी लाखभराने कमी दिसत होती आणि नफा तेवढाच फुगत होता. पशुखाद्याची येणी वाढतच चालली होती, कारण वसुली कुठे लिहिलीच नव्हती. लेखापरीक्षकांनी तेरीज बघितली आणि एवढंच विचारलं, “इतका नफा झालाय, मग पैसे कुठं आहेत?” मला घाम फुटला.

बरोबर नोंद दोन पायऱ्यांत होते. बिलाच्या शेवटच्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी, दूध खरेदी नावे २,६४,००० आणि ‘सभासद दूध बिल देणे’ जमा २,६४,०००. मग त्या देण्यातून कपाती वजा होतात: देणे नावे १,०४,०००, आणि समोर पशुखाद्य येणे जमा ६२,०००, ॲडव्हान्स येणे जमा २४,०००, ‘बँक कर्ज वसुली देणे’ जमा १८,०००. उरलेले १,६०,००० देण्यात राहतात. संघाचे पैसे आले, सभासदांच्या खात्यावर वर्ग केले की तेही शून्य होतात. शून्य झाले नाहीत तर उरलेली रक्कम कुणाकुणाची, याची नावानिशी यादी हातात पाहिजे. बहुतेक वेळा बंद पडलेलं बँक खातं, मयत सभासद किंवा मुंबईला गेलेलं घर निघतं. यादी नसेल तर ही रक्कम हळूहळू कुणाचीच नाही अशी होते, आणि कुणाचीच नसलेल्या रकमेला पाय फुटतात.

ॲडव्हान्सबद्दल एकच काळजी. वसुली दुधातून होते आणि दूध जनावरावर असतं. गाय आटली की बिल थांबतं, बिल थांबलं की कपात थांबते. म्हणून दर बिलाला अशी यादी काढायची, की ज्यांच्याकडे येणं आहे पण या दहा दिवसांत दूध आलेलं नाही. पहिल्यांदा नाव आलं तर काही नाही. सलग सहा-सात बिलं तेच नाव दिसलं तर घरी जाऊन या. दूध कदाचित दुसऱ्या डेअरीला चाललेलं असेल.

संघाचं बिल आणि आपलं बिल समोरासमोर

त्याच दहा दिवसांचं संघाचं बिल आलं की एका कागदावर दोन्ही मांडा. सभासदांकडून ८,००० लिटर. गावात विक्री २०० लिटर, ४५ ने ९,००० रुपये. नमुना दूध १०० लिटर, ३० ने ३,०००. संघाकडे ७,७०० जायला हवं होतं, संघाने ७,६७० मान्य केलं. घट ३० लिटर, हजारी चारच्या आत. कॅनला चिकटलेलं, गाडीत सांडलेलं धरून इतकं चालतं. संघाकडून ३३ रुपयांनी २,५३,११० आणि ८० पैसे कमिशनचे ६,१३६. एकूण आले २,७१,२४६, गेले २,६४,०००. संस्थेला सुटले ७,२४६.

हा आकडा मनात ठसवून घ्या. पावणेतीन लाखांच्या उलाढालीत संस्थेचं स्वतःचं म्हणून सव्वासात हजार, आणि त्यातून तुमचा पगार, हेल्पर, वीज, छपाई. बँकेच्या पासबुकात मोठा आकडा दिसतो म्हणून संचालक “जरा फ्रीज घेऊया, कट्टा बांधूया” म्हणतात, तेव्हा त्यांच्यापुढे हा कागद ठेवावा. पासबुकातला बाकी पैसा सभासदांचा आहे, वाटेत थोडा वेळ थांबलेला.

दर बिलाला असा एक कागद केला की वर्षाचे छत्तीस होतात. सुटलेली रक्कम एखाद्या बिलात एकदम निम्म्यावर आली तर कारण त्या दहा दिवसांतच सापडतं: नासलेला कॅन, परत आलेलं दूध, चुकीचं दरपत्रक भरलेलं. संघाने दर बदलला आणि संगणकात जुनाच चालू राहिला, हे तर नेहमीचं. दर वाढला तर सभासद दुसऱ्या दिवशी दारात येतात. दर कमी झाला तर कुणीच येत नाही, आणि फरक संस्थेला बसतो.

३१ मार्च

२१ ते ३१ मार्चचं बिल सभासदांना एप्रिलमध्ये मिळतं, म्हणून नवीन माणूस ते एप्रिलच्या किर्दीत घेतो. संघाचं त्याच दिवसांचं बिल मात्र संगणकावर आलेलं असतं, ते मार्चमध्येच धरतो. आपल्या संस्थेत ११ दिवसांची खरेदी होते २,९०,४००. ती राहिली तर नफा तेवढ्याने खोटा वाढला. दोन्ही बाजू ३१ मार्चलाच धरायच्या: सभासदांना देणे आणि संघाकडून येणे.

शिल्लक साठा दोन जिनसांचा. पशुखाद्याची पोती हाताने मोजायची, स्टॉक वहीवरून उतरवायची नाहीत, कारण उंदराने फोडलेलं पोतं वहीत भरलेलंच असतं. दुसरा साठा ३१ मार्चच्या संध्याकाळच्या दुधाचा. ते कूलरमध्ये असेल आणि संघाच्या बिलात १ एप्रिलला धरलं जाणार असेल तर आपण खरेदीत धरलेले ४०० लिटर, ३३ ने १३,२००, हा अखेरचा साठा दाखवायचा. संध्याकाळीच गाडी जात असेल तर प्रश्न नाही.

दोन बोनस, दोन पैसे

गावात सगळ्याला बोनसच म्हणतात. दप्तरात मात्र ते दोन वेगळे पैसे आहेत आणि त्यांची गल्लत केली की अडचण होते.

पहिला म्हणजे संघाकडून येणारा दर फरक. वर्षभर संघाने हातचं राखून दर दिलेला असतो, वर्षाचा हिशोब झाल्यावर लिटरमागे काही रक्कम दिवाळीच्या सुमाराला देतो. समजा संघाने दीड रुपया जाहीर केला. पेपरात बातमी येते आणि गाव लगेच गुणाकार करतं: “आमचं वर्षाचं दूध चार हजार लिटर, म्हणजे सहा हजार आले.” इथे सचिवाने घाईघाईने मान हलवायची नाही. संघ पैसे देतो त्याला मिळालेल्या दुधावर. आपल्या संस्थेतून वर्षाला संघाकडे गेलं २,८०,००० लिटर, त्याचे आले ४,२०,०००. पण सभासदांनी घातलं २,९२,००० लिटर. गावात विकलेलं, नमुन्यातलं आणि घटीचं दूध सभासदांनी घातलेलंच आहे ना! दीड रुपयाने वाटायला गेलं तर ४,३८,००० लागतात. अठरा हजार कुठून आणणार? ४,२०,००० ला २,९२,००० ने भागा, १.४३८ येतो. १.४० जाहीर केला तर ४,०८,८०० वाटले जातात आणि ११,२०० हातात राहतात. गावात विकलेल्या दुधावर संस्थेला जादा पैसे सुटलेत, त्यातून भर घालून दीड रुपया पुरा करायचा असं मंडळ ठरवू शकतं. पण ते ठरवून करावं, आकडा न बघता जाहीर करून नंतर अडकू नये.

यात आणखी एक पेच येतो. संघ कधीकधी दर फरकातला काही भाग रोख न देता डिबेंचर म्हणून ठेवून घेतो. समजा दहा टक्के ठेवले. मग ४,२०,००० पैकी रोख आले ३,७८,०००, आणि ४२,००० ही संस्थेची संघाकडची गुंतवणूक झाली. ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला येते. सभासदांना वाटायला रोख मात्र ३,७८,००० च. संस्थेने पूर्ण रक्कम वाटायची तर ४२,००० स्वतःच्या खिशातून घालावे लागतात, नाहीतर सभासदांच्या रकमेतूनही तितकाच भाग ठेव म्हणून ठेवावा लागतो. ठेवला तर प्रत्येकाच्या नावावर किती, याची वही हवीच. “संघानं कापलं म्हणून आम्ही कापलं” एवढ्यावर हा विषय पाच वर्षांनी मिटत नाही.

दर फरकाची नोंद मी दोन्ही बाजूंनी दाखवतो. संघाकडून आलेला व्यापारी पत्रकाच्या जमेला, सभासदांना दिलेला नावे बाजूला. काहीजण फक्त राहिलेले ११,२०० दाखवतात. नफा दोन्हीकडे सारखाच, पण वर्षाला चार लाख कुठून आले आणि कुठे गेले हे पत्रकावर दिसलं की सभेत आवाज चढत नाहीत.

दुसरा बोनस संस्थेच्या स्वतःच्या नफ्यातला. त्याला कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६४ प्रमाणे निव्वळ नफ्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही निधीतून सभासदांना बोनस किंवा लाभांश देता येत नाही. कलम ६५ प्रमाणे नफ्याची वाटणी वार्षिक सभेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि बोनस द्यायचा तो सभासदाने संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात. म्हणून क्रम ठरलेला: मार्चअखेर हिशोब, मग लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत सभा, सभेत ठराव, त्यानंतर वाटप. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असल्याने हा क्रम जमतो. सभा लांबली की मग ठरावाआधीच बोनस वाटला जातो आणि तो पुढच्या दोष दुरुस्ती अहवालात वर्षानुवर्षं चिकटून बसतो.

आपल्या संस्थेला सगळा खर्च आणि घसारा जाऊन निव्वळ नफा १,००,००० झाला असं धरू. त्यातले किमान एक चतुर्थांश, म्हणजे २५,०००, आधी राखीव निधीला. यावर सभेत चर्चा होऊ शकत नाही, कलम ६६ आहे. भागभांडवल ६०,००० आहे, त्यावर १० टक्क्यांनी लाभांश ६,०००. लाभांशाची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. पण दूध संस्थेत लाभांशापेक्षा बोनसकडे झुकावं असं माझं मत आहे, कारण वीस वर्षांपूर्वी शेअर घेऊन आता दूध न घालणाऱ्यापेक्षा रोज पहाटे किटली घेऊन येणाऱ्याने हा नफा उभा केलेला असतो. मग ४८,००० बोनस, १२,००० इमारत निधी, ४,००० सभासद कल्याण निधी आणि ५,००० शिलकी नफा. बेरीज एक लाख.

४८,००० वाटायचे कसे? लिटरवर की रकमेवर? सगळं दूध एका प्रकारचं असेल तर फारसा फरक पडत नाही. गाय आणि म्हैस दोन्ही असतील तर लिटरवर वाटल्याने म्हशीवाला नाराज होतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. रकमेवर वाटणं मला सरळ वाटतं. वर्षभराच्या दूध बिलांची बेरीज ९६ लाख आली तर ४८,००० म्हणजे शंभराला ५० पैसे. ४७ नंबरच्या खात्याची वर्षाची बिलं १,२०,००० झाली असतील तर त्याला ६००. इथे बिलं म्हणजे कपातीपूर्वीची. पहिल्या आकड्याकडे बघा असं वर म्हटलं ते यासाठीही, कारण हातात पडलेल्या रकमेवर बोनस काढला तर जास्त पशुखाद्य घेणाऱ्याला कमी बोनस मिळतो.

राखीव निधी कपाटात नसतो

ताळेबंदाच्या देणे बाजूला ‘राखीव निधी’ म्हणून २५,००० वाढले की बऱ्याच जणांना वाटतं काम झालं. तो फक्त आकडा आहे. पैसे अजून चालू खात्यातच आहेत आणि पुढच्या बिलात सभासदांना ॲडव्हान्स म्हणून निघून जातील. म्हणून सभेत वाटणी मंजूर झाली की त्याच आठवड्यात तेवढी रक्कम जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत ‘राखीव निधी’ या नावाने वेगळ्या ठेवीत टाकायची. मग मालमत्तेच्या बाजूला ‘राखीव निधी गुंतवणूक’ दिसते. निधी किती आणि गुंतवणूक किती, हे दोन आकडे लेखापरीक्षक सगळ्यात आधी शेजारी ठेवून बघतात. निधी दोन लाख आणि ठेव पन्नास हजार असेल तर उरलेले दीड लाख धंद्यात खेळतायत, आणि ते कुणाच्या परवानगीने, असा प्रश्न येणार.

पोटनियम वाचा. प्रवेश फी, मुदतीत न नेलेला लाभांश यांसारख्या किरकोळ रकमा राखीव निधीला जमा करायच्या असतात, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी केलेलं नसतं. शंभर-दोनशे रुपयांच्या नोंदी आहेत, पण शेऱ्यांची सुरुवात अशाच नोंदींपासून होते.

इमारत निधीचं वेगळं. तो सभेच्या मर्जीने काढलेला असतो आणि ज्या कामासाठी काढला त्याला ठराव करून वापरता येतो. राखीव निधी सभासदांत वाटता येत नाही. दुष्काळाच्या वर्षी, वैरण महाग झाली की सभेत कुणीतरी उठून म्हणतंच, “राखीव निधी आमचाच आहे, तो वाटा.” त्या वेळी कलम ६४ चा कागद घेऊन उभं राहायचं काम अध्यक्षांचं, पण तो कागद त्यांच्या हातात देणारे तुम्ही.

ठेवीच्या पावत्यांची मुदत दूध बिलांच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा. मुदत संपलेली पावती बँकेत तशीच पडून राहते आणि आमच्या संस्थेत एकदा चौदा महिने राहिली होती. व्याज बचत खात्याच्या दराने मिळालं, आणि तो फरक सभेत विचारणारा माणूस नेमका बँकेतून निवृत्त झालेला निघाला.